सिंह दिसला म्हणजे महावीर नव्हे

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत. पोस्टरवर लिहिलंय जैनांचे चोवीस तीर्थंकर मूर्तीवरून कसे ओळखायचे आणि मला दिलेत पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे एकेकाला दोन मिनिटं पण नाही. तेव्हा मी आधीच सांगते, आज सगळे होणार नाहीत.

अडचण काय ते तुम्हाला माहीतच आहे. सगळे जिन, म्हणजे तीर्थंकर, एकाच ध्यानात, बसलेले असले तर पद्मासन, उभे असले तर कायोत्सर्ग, छातीवर श्रीवत्स, चेहऱ्यावर तीच शांती. शिल्पकाराने मुद्दामच वेगळं काही केलं नाही, कारण मुक्त झालेल्यांत काय फरक दाखवणार? मथुरेच्या कुषाणकाळच्या मूर्तींवर तर लांछन, म्हणजे त्या त्या तीर्थंकराचं बैठकीवर कोरलेलं ओळखचिन्ह, नाहीच, तिथे नाव कोरलेलं असेल तर कळतं, किंवा खांद्यावर केसांच्या बटा असल्या की ऋषभनाथ, म्हणजेच आदिनाथ, आणि डोक्यावर नागाचा फणा असला की पार्श्वनाथ. लांछन नंतर आलं. राजगीरच्या गुप्तकाळच्या नेमिनाथाच्या बैठकीवर शंख आहेत, ते अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक.

आता माझी फजिती ऐका, ही मी प्रत्येक व्याख्यानात सांगते, ज्यांनी ऐकलीय त्यांनी चहा घेऊन यावा.

आपल्याच विदर्भातलं एक गाव, नाव नाही सांगत, लोक भांडायला येतील. देवळात काळ्या दगडाची पद्मासनातली मूर्ती, गावात सगळे म्हणायचे महावीर. काहून? तर खाली सिंह आहेत. अहो, सिंह असणारच! बैठकीच्या दोन टोकांना दोन सिंह म्हणजे ते सिंहासन, ते कुठल्याही तीर्थंकराला असतं. महावीराचा सिंह वेगळा, तो बहुतेक एकटा आणि मध्यभागी असतो, त्या दोघांच्या जोडीत नाही. हीच गंमत हरणांची. मधे धर्मचक्र आणि दोन्ही बाजूंना हरणं समोरासमोर, असं पश्चिम भारतातल्या कितीतरी मूर्तींवर असतं. ती जोडी म्हणजे शांतिनाथ नाही, शांतिनाथाचं हरिण वेगळं, एकटं. म्हणून आधी जोड्या सोडून द्यायच्या आणि मग उरलेलं एकटं चित्र शोधायचं.

तर मी पुजाऱ्यांना विचारून फुलं बाजूला केली, खाली मध्यभागी बसलेलं एक छोटं जनावर, बोटाच्या दोन पेरांएवढं, अभिषेकानं आणि तेलानं पार गुळगुळीत झालेलं. शिंगं दिसली आणि मी ऐटीत म्हटलं, बैल! आदिनाथ! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ट्रस्टींनी महिनाभरात पाटी रंगवली. आणि मी घरी येऊन फोटो मोठा करून बघते तर खांद्यावर बटाच नाहीत! बटा नसल्या म्हणजे ऋषभ नाहीच असं नाही हां, पण मनात पाल चुकचुकली. परत गेले, यावेळी टॉर्च घेऊन, आणि टॉर्च समोरून नाही मारायचा बरं का, बाजूनं, अगदी दगडाला टेकवून, म्हणजे झिजलेल्या रेषेचीपण सावली पडते. मग दिसलं: पाठीवर वशिंड नाही, शिंगं वर न जाता मागे मानेकडे वळलेली. म्हैस! म्हणजे वासुपूज्य. झिजल्यावर बैल आणि म्हशीत शिंगापेक्षा वशिंडावर भरवसा ठेवा, शिंगाची टोकं आधी झिजतात. पण दगडातल्या बैलाला वशिंड नीट काढलेलंच नसतं कधी कधी, म्हणून एकच खूण बघून निकाल देऊ नका, जसा मी दिला.

ही चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. बरं, पटकन.

शांति, कुंथु, अर हे तिघं पुष्कळदा शेजारी शेजारी असतात, मधे शांतिनाथ. हरिण, बकरा, मासा. हरिण आणि बकरा झिजले की सारखेच दिसतात, पण अरनाथाचा मासा चुकत नाही, तो सापडला की बाकीच्या दोघांचा अंदाज लागतो. मात्र मासा दिगंबरांत, श्वेतांबरांत अरनाथाला नंद्यावर्त नावाची मंगल आकृती. तसंच अनंतनाथाला दिगंबर साळिंदर म्हणतात, श्वेतांबर ससाणा. म्हणजे आधी मूर्ती कुठल्या परंपरेची ते बघा. आणि फण्याबद्दल: सुपार्श्वनाथाला बहुतेक पाच, पार्श्वनाथाला बहुतेक सात, पण तुटलेले फणे मोजू नका, खाली स्वस्तिक आहे की नाग ते बघा. आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात, राजनापूर खिनखिनीच्या धातूच्या मूर्ती आहेत, तिथे जाऊन सराव करा, टॉर्च मात्र गार्डला विचारून.

काय म्हणता ताई? पाटीचं? पाटी अजून आदिनाथचीच आहे. पेंटर म्हणाला, आता दिवाळीनंतर.