खलाशांनी चेंडू आणला, मास्तरांनी खेळ रुजवला

फुटबॉल जगभर खलाशांनी नेला, असं आपण ऐकत आलोय. ते खरंही आहे, पण अर्धंच. जहाजात माल चढेपर्यंत खलाशी गोदीशेजारच्या मोकळ्या जागेत खेळायचे, लोक कुतूहलाने बघायचे. मग जहाज निघालं, की त्यासोबत चेंडूही जायचा.

खेळ टिकायचा तर कुणीतरी गावात राहायला हवं. हे नीट दिसतं अर्जेंटिनात.

२० जून १८६७. ब्युनोस आयर्समधल्या पालेर्मोचं क्रिकेट मैदान. थॉमस हॉग आणि त्याच्या भावाने सामना ठरवला, पण माणसं जमली जेमतेम सोळा. मग एका बाजूला आठच जण खेळले. सगळे तिथल्या ब्रिटिश वस्तीतले. दोन्ही संघ ओळखू यावेत म्हणून एकाने लाल टोप्या घातल्या. खेळ झाला, पण पुढच्या काही वर्षांत हीच मंडळी रग्बीकडे वळली. नवे खेळाडू तयार करणारं कुणीच नव्हतं.

ते काम केलं एका शाळामास्तरने. स्कॉटलंडचा अलेक्झांडर वॉटसन हटन १८८२ मध्ये आला आणि सेंट अँड्र्यूज शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्याला मुलांसाठी मैदान आणि व्यायामशाळा हवी होती. व्यवस्थापनाशी जमेना, तेव्हा १८८४ मध्ये त्याने स्वतःची इंग्लिश हायस्कूल काढली. शाळेत दरवर्षी नवी मुलं येतात आणि शिकून बाहेर पडलेली मुलं खेळत राहतात. खलाशांकडे नेमकं हेच नव्हतं.

१८९१ मध्ये तिथे पहिली लीग झाली. त्यात शाळेशी जोडलेला सेंट अँड्र्यूजचा संघ होता, तसा रेल्वेचाही एक होता. पण ती लीग भरवणारी संघटना एका हंगामातच मोडली आणि १८९२ मध्ये स्पर्धाच झाली नाही. १८९३ मध्ये हटनने नवी संघटना उभी केली. ती टिकली. आजची अर्जेंटिनाची फुटबॉल संघटना तिथपासूनच आपला इतिहास मोजते.

आता रेल्वेचं बघू. रोसारियो शहरात सेंट्रल अर्जेंटाइन रेल्वेच्या माणसांनी १८८९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी क्लब काढला. रेल्वेमुळे एकाच ठिकाणी पुष्कळ तरुण कामगार एकत्र आले होते, त्यामुळे संघाला माणसांची वानवा नव्हती. अडचण वेगळीच होती: सभासदत्व फक्त रेल्वे कर्मचाऱ्यांना. बाहेरचा कितीही चांगला खेळला, तरी त्याला दार बंद. १९०३ मध्ये ही अट काढली आणि क्लबचं नाव झालं रोसारियो सेंट्रल.

त्याच वर्षी, त्याच शहरात, आयझॅक न्यूवेल या शिक्षकाच्या शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांनी न्यूवेल्स ओल्ड बॉईज हा क्लब काढला. दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, हे दोन क्लब पहिल्यांदा समोरासमोर आले. एक रेल्वेतून निघालेला, दुसरा शाळेतून. रोसारियोत ही चुरस आजही चालू आहे.