चॅटबॉटने दिलेला फॉर्म्युला पगारपत्रकात टाकण्याआधी हे करा

नमस्कार मंडळी, आज पगारातून कापला जाणारा प्रोफेशनल टॅक्स घेऊ. महाराष्ट्रातला स्लॅब असा आहे, पुरुषांना महिना ७५०० पर्यंत शून्य, त्याच्यावर १०००० पर्यंत १७५, आणि त्याच्यावर २००, फक्त फेब्रुवारीत ३००. बायकांना २५००० पर्यंत शून्य आणि पुढे तेच २००, फेब्रुवारीत ३००.

आता हे चॅटबॉटला सांगितलं, एक्सेलच्या A कॉलममध्ये पुरुषाला M किंवा बाईला F, B मध्ये पगार, C मध्ये महिन्याचा नंबर, आणि समजा त्याने हे दिलं:

```
=IF(A2="F",IF(B2<25000,0,IF(C2=2,300,200)),IF(B2<7500,0,IF(B2<10000,175,IF(C2=2,300,200))))
```

दिसायला एकदम बरोबर ना? ९००० टाका, १७५ येतात, ३०००० टाका, २०० येतात, आणि इथेच बहुतेक जण थांबतात आणि खाली दोनशे ओळींपर्यंत ड्रॅग करून मोकळे होतात. तसं करू नका हो, लोकांच्या पगाराचा प्रश्न आहे.

एक वेगळी शीट घ्या आणि त्यात मुद्दाम काठावरचे पगार टाका. पुरुष ७५००, ७५०१, १००००, १०००१, बाई २५०००, २५००१, आणि फेब्रुवारीची एक-दोन. D कॉलममध्ये उत्तर स्वतः स्लॅब बघून लिहा, फॉर्म्युला लावायच्या आधी. हे उत्तर चॅटबॉटला विचारायचं नाही, कारण त्याने स्लॅब चुकीचा धरला असेल तर फॉर्म्युला आणि उत्तर दोन्ही सारखेच चुकतील आणि तुम्हाला सगळं जुळलेलं दिसेल. मग E मध्ये फॉर्म्युला आणि F मध्ये एवढंच:

```
=D2=E2
```

लगेच तीन ठिकाणी FALSE येतं. ७५०० ला शून्य हवं तिथे १७५, १०००० ला १७५ हवे तिथे २००, आणि बाईंच्या २५००० ला शून्याऐवजी २००. कारण एकच, "पर्यंत" म्हणजे तो आकडा धरून, म्हणजे < नाही तर <= पाहिजे. चॅटबॉटला नुसतं "चुकलंय" म्हणू नका, "B2 ७५०० असताना ० हवं, १७५ येतंय" असं सांगा. नवा फॉर्म्युला आला की सगळ्याच ओळी परत बघा, कारण एक दुरुस्त करताना दुसरं बिघडू शकतं.

अजून एक ओळ नक्की ठेवा, पगार ७००० पण टेक्स्ट म्हणून, म्हणजे आधी ' देऊन टाईप केलेला. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉपी केलेले आकडे बऱ्याचदा असेच येतात. एक्सेल तुलना करताना टेक्स्टला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं धरतं, त्यामुळे <= करूनही इथे सरळ २०० कापले जातात आणि एरर वगैरे काहीच दिसत नाही. म्हणून चॅटबॉटला सांगा, आधी ISNUMBER(B2) तपास, आकडा नसेल तर "पगार तपासा" असं दाखव. मग त्या ओळीच्या D मध्ये पण तेच शब्द लिहा आणि F मध्ये TRUE येतंय का बघा.