कणगीतल्या भाताचा हिस्सा

(दृश्य : खाडीकाठचे सारवलेले खळे, भाताची झोडणी)

ऑक्टोबर सरत आला की वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या गावांत भाताची झोडणी सुरू होते. पेंढ्या आपटल्या जातात, दाणे वाऱ्यावर उपणले जातात आणि रास पायलीने मोजून कणगीत पडते. या खळ्याचे मालक मुसलमान आहेत आणि कोकणातल्या बहुतेक मुसलमानांप्रमाणे इमाम शाफिई यांचा धर्मकायदा मानणाऱ्या शाफिई पंथाचे आहेत. रास कणगीत जाण्यापूर्वी त्यांना एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे यातला जकातीचा, म्हणजे धर्माने सक्तीच्या केलेल्या दानाचा, हिस्सा किती. कुराणात "कापणीच्या दिवशी त्याचा हक्क द्या" अशी आज्ञा आहे, परंतु कोणत्या पिकाचा आणि किती, हे तिथे सांगितलेले नाही. प्रेषितांनी मुआज इब्न जबल आणि अबू मूसा अशअरी यांना येमेनला पाठवताना गहू, जव, खजूर आणि मनुका या चारांतूनच जकात घेण्यास सांगितले, असे एक हदीस, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, सांगते. भाताचे नाव त्यात नाही.

(दृश्य : मदरशाचा वर्ग, फळ्यावर चार शब्द)

मौलवी साहेबांनी फळ्यावर लिहिलेले असल, फरा, इल्लत आणि हुक्म हे चार शब्द म्हणजे कियासचे, म्हणजे साधर्म्यावरून निर्णय काढण्याच्या पद्धतीचे चार खांब आहेत. असल म्हणजे ज्याचा निर्णय आधीच माहीत आहे ते मूळ प्रकरण, इथे गहू. फरा म्हणजे ज्याचा निर्णय हवा आहे ते नवे प्रकरण, इथे भात. हुक्म म्हणजे निर्णय, इथे जकात देण्याची सक्ती. या तीन गोष्टींबद्दल फारसा वाद होत नाही. सगळे कष्ट उरलेल्या शब्दावर, इल्लतीवर, म्हणजे निर्णयामागच्या कारणावर, खर्च होतात, कारण गव्हावर जकात का आहे हे हदीस सांगत नाही आणि ते कारण विद्वानाला शोधून काढावे लागते.

पाया मात्र आधी पक्का हवा, आणि तो इज्माने, म्हणजे विद्वानांच्या एकमताने, पक्का होतो. गहू, जव, खजूर आणि मनुका यांवर जकात आहे यावर एकमत असल्याची नोंद विद्वान इब्न अल-मुंझिर यांनी केली आहे. एकमत म्हणजे बहुमत नव्हे. त्या काळातल्या प्रत्येक अधिकारी विद्वानाचे मत जुळावे लागते, आणि काहींनी मत दिले व बाकीचे गप्प राहिले तर त्याला इज्मा म्हणावे का, यावरही मतभेद आहे. "गप्प राहिलेल्याच्या नावावर मत घालता येत नाही," हे वचन इमाम शाफिई यांचेच म्हणून सांगितले जाते. भातावर असे एकमत मांडता येत नाही, कारण अंदलुसियाचे इब्न हज्म यांनी कियासच नाकारला आणि पिकांवरची जकात गहू, जव आणि खजूर यांपुरतीच ठेवली. म्हणून भाताचा निर्णय इज्मावर नव्हे, तर कियासवर उभा आहे.

(दृश्य : आठवडा बाजार, काकड्या, नारळ, सुके खोबरे, नाचणी)

इल्लत शोधण्याची एक रीत अशी की संभाव्य कारणे एकेक करून मांडायची आणि जे टिकत नाही ते वगळायचे. गहू खाल्ला जातो म्हणून जकात आहे असे म्हणावे, तर मदिनेत काकडीही खाल्ली जात होती, तरी शाफिई विद्वान भाजीपाल्यावर जकात मानत नाहीत. गहू साठवता येतो म्हणून, असे म्हणावे, तर सुके खोबरेही वर्षभर टिकते, पण त्यावर कोणाचे पोट भरत नाही. शाफिई विद्वानांच्या चाळणीतून शेवटी जे उरते ते असे : लोक पेरतात, साठवतात आणि सुबत्तेच्या दिवसांतही आपखुशीने ज्यावर पोट भरतात, ते मुख्य अन्न. दुष्काळात नाइलाजाने खाल्ले जाणारे रानातले कंद त्यात येत नाहीत. हे वर्णन कोकणातल्या भाताला पुरेपूर लागू पडते, आणि नाचणीलाही.

इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण कियास म्हणजे मनाला येईल ते ठरवणे असा समज पुष्कळांचा असतो. इल्लत एकदा मांडली की ती मांडणाऱ्यालाच बांधून ठेवते. ती जिथे जिथे आढळेल तिथे हुक्म लागलाच पाहिजे, आणि एखाद्या ठिकाणी इल्लत आहे पण हुक्म नाही असे दाखवता आले, तर मांडणीत दोष आहे हे उघड होते. स्वतः इमाम शाफिई इराकमध्ये असताना ऑलिव्हवर जकात मानत होते; इजिप्तमध्ये त्यांनी ते मत बदलले.

(दृश्य : पायलीने भात मोजणारे हात, जवळून)

आता मोजणीकडे येऊ. पाच वस्कांपेक्षा कमी पिकावर जकात नाही, असे हदीस आहे. एक वस्क म्हणजे 60 साअ, एक साअ म्हणजे चार मुद आणि एक मुद म्हणजे मध्यम हातांची एक ओंजळ. म्हणून पाच वस्क म्हणजे 300 साअ. हे माप वजनाचे नव्हे, आकारमानाचे आहे, आणि त्यामुळे पायलीवर वाढलेल्या माणसाला ते चटकन समजते. गव्हाच्या किलोचा आकडा उचलून भाताला लावला की हिशेब चुकतो. शिवाय भात तुसासकट साठवतात. म्हणून शाफिई विद्वान इमाम नववी यांनी आपल्या 'मिन्हाज' या ग्रंथात तुसासकट साठवल्या जाणाऱ्या भातासारख्या धान्याची मर्यादा दुप्पट, म्हणजे दहा वस्क किंवा 600 साअ, ठेवली. ही दुप्पट म्हणजे अंदाज आहे. कमी भातातूनच 300 साअ स्वच्छ तांदूळ निघत असेल तर जकात तिथेच लागू होते.

(दृश्य : व्हाळातून काढलेला पाट, पलीकडे पंप, हिरवे वायंगण)

समजा, पावसाळी भात 500 साअ झाले आणि उन्हाळ्यात पंपाच्या पाण्यावर घेतलेले वायंगणी भात 300 साअ झाले. दोन्ही पिके वेगवेगळी पाहिली तर एकही 600 पर्यंत पोचत नाही. परंतु दोन्ही कापण्या एकाच चांद्र वर्षाच्या अंतरात पडत असल्यामुळे ती एकत्र धरली जातात आणि बेरीज 800 होते. आभाळाच्या पाण्यावर पिकलेल्याचा दहावा आणि पाणी ओढून पिकवलेल्याचा विसावा हिस्सा, हे प्रमाण हदीसचेच आहे. म्हणून पहिल्या पिकाचे 50 आणि दुसऱ्याचे 15 असे 65 साअ द्यावे लागतात. तेच वायंगण पंपाऐवजी व्हाळाच्या पाटावर झाले असते, तर पाट खणण्याचे कष्ट सोसूनही दहावाच हिस्सा लागला असता, कारण शाफिई मतानुसार पाट पावसासारखाच धरला जातो. नाचणी वेगळ्या जातीचे धान्य असल्यामुळे ती या बेरजेत मिळवता येत नाही, आणि मजुरीचा खर्चही यातून वजा होत नाही.

(दृश्य : डोंगरउतारावरची हापूसची बाग)

ही बागही त्याच घराची आहे. हापूस मुख्य अन्न नाही, म्हणून शाफिई मतानुसार त्याच्या फळावर जकात नाही. विकून आलेला पैसा वर्षभर शिल्लक राहिला तर त्या पैशावर अडीच टक्के, एवढेच. हनफी पंथाचे इमाम अबू हनीफा यांनी याच बागेवर हिस्सा लावला असता, तोही पाच वस्कांची अट न घालता. कुराणातली आज्ञा सर्वच पिकांना व्यापते असे ते मानत होते, म्हणजे त्यांच्या लेखी इथे ग्रंथ गप्प नाहीच आणि कियासची गरजही पडत नाही. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद अश-शैबानी यांनी मात्र टिकाऊ पीक आणि पाच वस्क या दोन्ही अटी मान्य केल्या. थोडे भात पिकवणारा हिस्सा देतो आणि मोठ्या बागेचा मालक फळावर देत नाही, ही तक्रार गावात ऐकू येते.

(दृश्य : खळ्यात वेगळी काढलेली छोटी रास, पोत्यात भरणे)

संध्याकाळपर्यंत पावसाळी भाताच्या जकातीचा हिस्सा पायलीने मोजून वेगळा निघतो. उरलेली रास कणगीत जाते, आणि वायंगणाच्या वाफ्यात पाणी सोडण्यापूर्वी ही छोटी पोती गावातल्या हक्कदारांच्या दारी पोचवायची आहेत.