रक्त कितव्या उलटीला आलं?
(कोल्हापुरातील आरोग्यविषयक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेर फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘उलटीत रक्त दिसलं तर घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा?’ तिथं पोचायचंच आहे. पण त्याआधी एक प्रश्न तुमच्या हातात देतो, कारण रुग्णासोबत आलेल्या माणसाला डॉक्टर हा प्रश्न विचारतात आणि तो गप्प उभा राहतो. रक्त कितव्या उलटीला आलं? पहिल्या की पाचव्या?

‘लई रक्त पडलं ओ’ एवढंच सांगितलं जातं. त्यात कोल्हापूरची एक खास अडचण आहे. रात्री ताटात तांबडा रस्सा असेल तर पहाटेची उलटी लालच येणार. (हशा) हसू नका, त्यात बघायची खूण आहे. रश्श्याचा लाल रंग तेलाचा असतो, त्याचा तवंग पाण्यावर पसरतो आणि मिरचीची भुकटी तळाशी बसते. रक्त तेलासारखं तरंगत नाही. ते लाळेत, शेंबडासारख्या चिकट पाण्यात धाग्यांसारखं लोंबतं, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात. पांढरा रस्सा खाणाऱ्यांना ही अडचण नाही, पण नुसत्या पांढऱ्यावर थांबणारा माणूस या सभागृहात असेल असं वाटत नाही.

एक नमुना घेऊ. आखाड चाललाय, चाळीशीचा माणूस, जेवण मजबूत, बरोबर दारू. रात्री दोनला पहिली उलटी, सगळं जेवण बाहेर. दुसरी तशीच. तिसऱ्या-चौथ्याला नुसतं आंबट पिवळं पाणी. मग पोटात काही उरलेलं नाही तरी उमासे थांबत नाहीत. पोट आत ओढलं जातंय, मान ताठ, डोळ्यांत पाणी, बाहेर मात्र फक्त लाळ. असे दहा-बारा कोरडे उमासे झाल्यावर लाळेत लाल रेघा दिसतात. आधी जेवण, मग पाणी, मग कोरडे उमासे आणि शेवटी रक्त, हा क्रम नीट सांगणाऱ्यानं अर्धं निदान केलेलं असतं.

आता आत काय झालं ते बघू. अन्ननलिका साधारण 25 सेंटीमीटर लांब असते. ती छातीतून खाली येते, छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाच्या भोकातून जाते आणि लगेच जठराला मिळते. वर छातीत दाब कमी, खाली पोटात जास्त. एरवी हा फरक थोडा असतो. उमासा येतो तेव्हा मात्र गळ्यातली श्वासाची वाट बंद होते आणि त्या बंद दारावर माणूस श्वास आत ओढायचा प्रयत्न करतो, त्यामुळे छातीतला दाब आणखी उतरतो. त्याच क्षणी पोटाचे स्नायू आणि श्वासपटल मिळून जठर दाबतात. बीपी मोजतो त्याच मापात जठरातला दाब शंभराच्या पुढे जाऊ शकतो. खालून रेटा आणि वरून ओढ एकदमच. मग जठराचं तोंडच त्या भोकातून वर छातीत सरकतं, ताणतं आणि उमासा संपला की परत खाली येतं. पुढच्या उमाशाला पुन्हा तेच. ज्यांचं भोक मुळातच सैल असतं आणि जठराचा थोडा भाग वर चढलेला असतो, म्हणजे हायेटस हर्निया असतो, त्यांना हे जास्त घडतं.

फाटतं ते बहुतेक वेळा जोडाच्या किंचित खाली, जठराच्या बाजूला. कधी जोडावर, कधी त्याच्याही वर नळीत. जठराचं तोंड नळीपेक्षा रुंद असतं, आणि आतला दाब सारखा असला तर रुंद जागेच्या भिंतीवर ताण जास्त बसतो. चीर नेहमी उभी असते, आडवी नाही. उसाला पाणी द्यायचा प्लास्टिकचा पाईप दाबानं फुटला की लांबीच्या दिशेनं फाटतो, ते तुम्ही शेतात बघितलंय. कारण तेच आहे: आतल्या दाबानं नळीच्या घेराला पडणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. चीर एक ते चार सेंटीमीटरची असते. फाटतं ते अस्तर आणि त्याच्या खालचा थर, स्नायूची भिंत शाबूत राहते. त्या खालच्या थरात रक्तवाहिन्यांचं जाळं आहे, म्हणून चीर छोटी असूनही रक्त दिसतं. रक्त ताजं असतं, आम्लात मुरलेलं नसतं, म्हणून लालभडक. तेच जठरात साठून राहिलं तर कॉफीच्या चोथ्यासारखं तपकिरी होऊन येतं.

1929 साली बॉस्टनमध्ये केनेथ मॅलरी आणि सोमा वाईस या दोघांनी भरपूर दारूनंतर उलट्या होऊन रक्त पडलेल्या 15 रुग्णांचं वर्णन छापलं, तेव्हापासून या चिरेला त्यांचं नाव आहे. दुर्बिणीच्या रिपोर्टवर ‘मॅलरी-वाईस’ लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ते जंतूचं नाव नव्हे.

पण गोष्ट सांगण्यासारखी आहे ती याच्या मोठ्या भावाची. 1723 साल, हॉलंड. तिथले आरमारप्रमुख बॅरन व्हान वासेनार हे खाण्याचे भारी शौकीन. जड जेवण झालं की उलटीचं औषध घ्यायचं आणि पोट मोकळं करायचं, ही त्यांची सवय. एकदा बदकाचं वगैरे भरपूर जेवण झाल्यावर त्यांनी नेहमीचा काढा प्यायला. उलटी पुरेशी झाली नाही म्हणून आणखी प्यायला. मग जोरानं ओकताना छातीत अशी कळ आली की ते किंचाळले, आतलं काहीतरी तुटलं हे त्यांचं त्यांनाच कळलं. हर्मान बूरहावे हे त्या काळी युरोपात गाजलेले वैद्य, त्यांना बोलावलं. त्यांनाही काही करता आलं नाही. दिवस उलटायच्या आत बॅरन गेले. बूरहावेंनी शवविच्छेदन केलं. छाती उघडताच वास आला तो बदकाच्या मांसाचा, आणि फुप्फुसाभोवती निघालं ते प्यायलेलं औषध. अन्ननलिका आरपार तुटली होती. हे वर्णन त्यांनी 1724 मध्ये छापलं.

हा वेगळा आजार. यात नुसतं अस्तर नाही, पूर्ण भिंत फाटते, बहुधा नळीच्या खालच्या भागात डाव्या बाजूला. रक्त फारसं दिसत नाही, दुखणं मात्र भयंकर. उलटी, मागोमाग छातीत असह्य कळ, धाप, आणि कधी मानेच्या कातडीवर बोट दाबलं तर खाली चुरचुर लागते, कारण हवा तिथवर पोचलेली असते. अशा माणसाला पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही. जे गिळेल ते छातीत जाणार.

(संयोजक घड्याळ दाखवतात.) हो, दहा मिनिटं. तरी माझी जुनी तक्रार मांडल्याशिवाय पुढं जात नाही. बॅरनसाहेब गेले, त्यांची सवय आपल्याकडं जिवंत आहे. ‘जास्त झाली काय? मिठाचं पाणी पाज, बोटं घाल, मोकळं होईल.’ अहो, शरीर आपणहून काढत असेल तर काढेल. बोटं घालून जे ओढून काढता ते कोरडे उमासेच, आणि चीर पडते ती नेमकी त्यांच्यानं. त्यात मीठ. एक मोठा चमचा म्हणजे 15 ग्रॅमच्या वर. असे दोन-तीन चमचे पाजले आणि उलटी झालीच नाही, तर रक्तातलं सोडियम एवढं चढतं की झटके येतात, जीवही जातो. शेतावरचं औषध पोटात गेलेल्या माणसालाही हेच पाजतात, ते तर दुप्पट वाईट, कारण विष उलटीवाटे फुप्फुसात उतरतं. आणि दारूच्या गुंगीत असलेल्याला उताणं झोपवून उलटी करवू नका, डाव्या कुशीवर वळवा.

एक अवांतर. आपल्याकडं सीपीआर म्हणजे दसरा चौकाजवळचा दवाखाना. पण बंद पडलेलं हृदय चालू करायला छाती दाबतात त्यालाही सीपीआर म्हणतात, आणि त्या दाबानंही क्वचित हीच चीर पडते. म्हणून कुणी छाती दाबायचं थांबवू नये, जीव आधी. जोराचा खोकला, सतत उचकी, गरोदरपणातल्या न थांबणाऱ्या उलट्या, यांनीही ती पडते. दारू न पिणाऱ्याला रक्त दिसलं की घरचे त्याच्याकडं संशयानं बघतात, ते थांबवा.

आता फळ्यावरचा प्रश्न, घाईत. दहातल्या आठ-नऊ जणांचं रक्त आपोआप थांबतं आणि चीर दोन-तीन दिवसांत भरू लागते. आपल्या आखाडातल्या माणसाचं बघा. सकाळी नाडी 88, बीपी 124/80, उभं केलं तरी फारसा फरक नाही, हिमोग्लोबिन 14. दुर्बीण टाकली तर जोडाच्या खाली दीड सेंटीमीटरची उभी चीर, वर लाल गुठळी, वाहत काही नाही. उलटी थांबवायचं औषध, आम्ल कमी करायचं औषध, दारू बंद, दुसऱ्या दिवशी घरी. एक लक्षात ठेवा, पहिलं हिमोग्लोबिन फसवतं. रक्त गेलं तरी उरलेलं तेवढंच दाट असतं, आकडा काही तासांनी उतरतो. म्हणून नाडी आधी बघायची.

नुसत्या रेघा, त्याही एक-दोनदा, उलटी थांबलेली, चक्कर नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पळापळ नको. गुठळ्या, अर्धा कप रक्त, पुन्हा पुन्हा रक्त, उभं राहताच डोळ्यांपुढं अंधारी, नाडी शंभराच्या वर, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी, यांतलं एक जरी असलं तरी रात्र असो की पहाट, थेट मोठ्या दवाखान्यात. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण तिला तो वास आणि चिकटपणा नसतो. दवाखान्यात शक्यतो 24 तासांत दुर्बीण टाकतात. चीर वाहत असेल तर तिथंच क्लिप किंवा रबर बँड लावतात, नाहीतर पातळ केलेलं अॅड्रिनलीन टोचतात.

आणि सुरुवातीचा प्रश्न. रक्त पहिल्याच उलटीला, तेही भरपूर आलं, तर चीर मनात धरून बसू नका. जठरातला अल्सर असेल, किंवा यकृत खराब झालेल्याच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या असतील, आणि त्या घरी थांबत नाहीत. क्रमावर आंधळा विश्वास मात्र नको, चीर पडलेल्यांपैकी काहींनाही पहिल्याच उलटीत रक्त दिसतं. त्यामुळं कावीळ, पोटात पाणी किंवा वर्षानुवर्षांची दारू असेल तर क्रम कोणताही असो, थांबायचं नाही.

डोकं दुखतंय म्हणून अशा वेळी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका, रक्त वाढतं. हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पुढची गोळी घ्यायची की नाही ते फोन करून डॉक्टरांना विचारा, आपल्या मनानं कायमची बंद करू नका. आणि जाताना मोबाईलवर त्या उलटीचा फोटो काढून न्या. ओंगळ वाटेल, पण रस्सा की रक्त हा वाद तिथल्या तिथं मिटतो.