एका चेहऱ्याला किती मिनिटे? लग्नात आणि जत्रेत अर्कचित्रे काढण्याचा हिशोब
(सांगली येथे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अर्कचित्राचा भाव किती ठेवावा, हा प्रश्न तुमच्यापैकी बहुतेकांनी आधीच चिठ्ठीवर लिहून पाठवला आहे. त्याचं उत्तर चित्राच्या आकारात किंवा कागदाच्या किमतीत नाही, ते घड्याळात आहे. एका माणसाला खुर्चीवर बसवल्यापासून पुढचा माणूस बसेपर्यंत किती मिनिटं जातात, हे ज्याला नेमकं ठाऊक आहे त्याला भावही सांगता येतो आणि बुकिंगही घेता येतं. म्हणून आधी मिनिटं, मग पैसे.

पाच मिनिटांत चेहरा उतरवायचा तर हात भराभर चालवून भागत नाही. वेळ खरा जातो तो निर्णयात. कागदावर मार्कर टेकवण्याआधीची वीस-तीस सेकंदं नुसतं बघायला ठेवा. साधारण चेहऱ्यात दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा असते. समोरच्याच्या चेहऱ्यात ती त्याहून कमी आहे की जास्त? नाकापासून ओठापर्यंतचं अंतर लांब आहे की आखूड? कपाळ मोठं की जबडा? यातलं सगळ्यात वेगळं असलेलं एकच अंतर पकडायचं, ते वाढवायचं आणि त्याच्या शेजारचं कमी करायचं. जबडा मोठा केला तर कपाळ लहान करायचं. फक्त जबडा फुगवला आणि बाकी सगळं मापात ठेवलं, तर गालाला सूज आल्यासारखं दिसतं, अर्कचित्र होत नाही. पाच मिनिटांत दोनपेक्षा जास्त गोष्टींची अतिशयोक्ती करायला जाऊ नका. तिसरीपाशी साम्य सुटतं.

मग नाकापासून सुरुवात करा. नाक, डोळे, ओठ, जबडा आणि शेवटी केस. शाळेत आपण आधी चेहऱ्याचा लंबगोल काढायला शिकतो, पण इथे ती सवय आड येते. बाहेरची रेघ आधी ठरली की नाकडोळे त्या चौकटीत बसवावे लागतात, आणि बसवताना ते आपोआप सगळ्यांसारखे होत जातात. नाकडोळ्यांचं नातं आधी पक्कं झालं, तर बाहेरची रेघ त्यांच्या मागून येते. हातात मार्कर आहे, खोडरबर नाही, त्यामुळे हा क्रम रोज एकच असला पाहिजे.

आपल्याकडच्या लग्नातली एक अडचण इथेच सांगतो. फेटा. एक तर फेट्याने कपाळ आणि केस दोन्ही झाकले जातात, म्हणजे साम्याच्या दोन मोठ्या खुणा गेल्या. अशा वेळी सगळा भार भुवया, मिशी आणि हनुवटीवर टाकावा लागतो. दुसरं म्हणजे कागद पुरत नाही. नेहमीच्या सवयीने नाक कागदाच्या मध्यावर घेतलं, की तुरा कागदाबाहेर जातो आणि फेटा चेपून बसवावा लागतो. फेटेवाला बसला की नाक मध्याच्या तीन-चार बोटं खाली घ्या. नवरीच्या बाबतीत नथ मात्र नाक आणि ओठ पूर्ण झाल्यावरच काढा. आधी काढली तर नाकपुडीचा आकार नथीच्या मागे अंदाजाने काढावा लागतो, आणि मोत्यांमुळे वरच्या ओठाची जागाही चुकते. मुंडावळ्या सगळ्यात शेवटी, दोन ओघवत्या रेघांत.

अतिशयोक्ती कशाची करायची नाही, तेही सांगायला हवं. डाग, तिरळेपणा, पुढे आलेले दात, रंग यांना हात लावू नये. माणूस नातेवाइकांच्या देखत बसलेला असतो, मागे दहा जण हसत असतात. केशरचना, मिशी, चष्मा, हसताना गालाला पडणारी घडी, हे सगळं त्याला स्वतःलाही आवडत असतं, तिथे मोकळेपणाने खेळा. लहान मुलांमध्ये अतिशयोक्ती जवळजवळ नकोच. डोळे चेहऱ्याच्या मध्याच्या जरा खाली घ्या, थोडे मोठे करा, झालं. मूल दोन मिनिटांच्या वर बसत नाही, म्हणून त्याचे नाकडोळे आधी आटपा. केस आणि फ्रॉक ते उठून गेल्यावरही काढता येतात.

सरावासाठी आठ मिनिटांपासून सुरुवात करा. रोज दहा चेहरे, शेजारी घड्याळ. प्रत्येक चित्राच्या मागे नाकडोळे संपले तो वेळ आणि चित्र संपलं तो वेळ, असे दोन आकडे लिहा. आठवड्याने पाहिलंत तर बहुतेकांना एकच गोष्ट दिसते: साम्य पहिल्या तीन मिनिटांत आलेलं असतं आणि पुढची पाच केसांत गेलेली असतात. तेव्हा केस रेघारेघांनी काढणं सोडा. चमकीची एक पांढरी पट्टी राखून बाकीचा आकार जाड मार्करने एकदम काळा भरा. साम्य टिकत असेल तरच एक मिनिट कमी करा. ते टिकतं की नाही हे स्वतः ठरवू नका. ओळखीच्या वीस जणांची चित्रं तिसऱ्या माणसापुढे ठेवा आणि कोण कोण ते विचारा. चौदा-पंधरा ओळखले तर पुढे जा, दहावर अडलं तर त्याच वेळेवर आणखी आठवडाभर थांबा.

फोटोवरून सराव करू नये असं नाही, पण फोटो हलत नाही आणि बोलतही नाही. आवाज बंद करून टीव्हीवरची चर्चा लावा, तिथे तोंडं सतत हलतात. त्याहून चांगली जागा म्हणजे सांगलीचं एसटी स्टँड किंवा मिरज जंक्शनचा फलाट. गाडी लागली की माणूस उठतो, तिथे मुदत आपल्या हातात नसते. कुणी विचारलं तर वही दाखवायची, कुणाला आवडलं नाही तर पान उलटायचं.

सामान थोडं लागतं. ए-फोर आकाराचा गुळगुळीत आयव्हरी कार्डशीट घ्या. खरखरीत कार्ट्रिज कागद शाई पितो, मार्करचं टोक लवकर झिजवतो आणि रेघ जाड होत जाते. एक ब्रशपेन, एक जाड मार्कर, सावलीसाठी एक करडा. शाई वाळायला वेळ लागत असेल तर प्लास्टिकच्या पाकिटात घालताना पुसली जाते, म्हणून काळा भरलेला भाग हाताखाली येणार नाही असं बघा. स्वतःचा पांढरा दिवा मात्र न्याच. कार्यालयातले सजावटीचे दिवे जांभळे-निळे असतात, त्यांत नाकाची सावलीच दिसत नाही. दिवा माणसाच्या एका बाजूला, डोळ्यांच्या जरा वर. डीजेच्या भोंग्याजवळ बसू नका. ‘जरा इकडे बघा’ हेसुद्धा ऐकू जात नाही आणि चार तासांत कान जातात.

आता पैसे. उदाहरण घेऊ. चित्राला पाच मिनिटं, माणूस बदलणं, पाकीट, फोटो यांत दीड. म्हणजे साडेसहा मिनिटं. तासातली दहा मिनिटं हाताला विश्रांती. उरलेल्या पन्नास मिनिटांत सात, फार तर आठ चेहरे. हा आपला तासाचा माल.

जत्रेत भाव नगावर ठेवा. पुसेगाव, म्हसवड, औंध अशा यात्रांत माणसं येतात-जातात, गर्दी आपल्या हातात नसते आणि रिकामा वेळ आपल्याच खात्यावर पडतो. समजा एका चेहऱ्याचे शंभर रुपये ठेवले. खुर्ची सतत भरलेली असेल तर तासाला सात-आठशे, पण पाच तासांत ती निम्मा वेळच भरलेली राहील असं धरून चाला. म्हणजे वीस चेहरे, दोन हजार, त्यातून जागेचं भाडं, कागद, पाकिटं, जेवण, प्रवास वजा. भाव शंभर किंवा दोनशे असा गोल असावा. दीडशे ठेवला की सुट्ट्यांत वेळ जातो, आणि यात्रेच्या गर्दीत मोबाईलची रेंज अडकली की क्यूआर कोडवरचे पैसे फिरत राहतात. पैसे चित्राआधी घ्या. चित्र झाल्यावर घासाघीस सुरू झाली, की पाठीमागची सगळी रांग तो भाव ऐकत असते.

लग्नात मात्र नगावर भाव ठेवू नका. तिथे गर्दी यजमानाची, वेळापत्रक यजमानाचं, मग रिकाम्या वेळाचा भार आपण का घ्यायचा? समजा सांगलीतल्या कार्यालयात साडेसहा ते साडेदहा असा स्वागत समारंभ आहे. नवरा-नवरी स्टेजवर येईपर्यंत पहिला अर्धा-पाऊण तास कुणी बसत नाही. साडेसात ते साडेनऊ झुंबड उडते. नंतर पाहुणे जेवून निघतात. नगावर हिशोब केला तर सोळा-अठरा चित्रांचे पैसे मिळतील आणि संध्याकाळ पूर्ण गेलेली असेल. म्हणून तासाचा दर. तो जत्रेतल्या भरलेल्या तासाच्या खाली नसावाच. वर सामान, मदतनीस आणि त्या तारखेची सोडलेली दुसरी कामं धरा. आठशेचा तास असेल तर लग्नाला बारा-पंधराशे मागणं रास्त आहे, प्रवास वेगळा.

आणि दुपारच्या लग्नाचं काम सांगायला येतील तेव्हा मुहूर्त विचारा. साडेबाराचा मुहूर्त असेल तर माणसं दहा मिनिटं आधी येतात, अक्षता टाकतात, थेट पंगतीला बसतात आणि गावाकडच्या गाडीला लागतात. आपल्या खुर्चीसाठी तासाभराचीही मोकळीक राहत नाही. तिथे हळदीची किंवा आदल्या दिवशीची संध्याकाळ सुचवा. यजमानालाही त्यात पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

सगळ्यात जास्त भांडणं एका गैरसमजातून होतात. यजमानाला वाटतं, चारशे पाहुणे आहेत तर चारशे चित्रं निघतील. चार तासांत जास्तीत जास्त तीस चेहरे, हा आकडा बुकिंगच्या वेळीच लेखी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. आकडा लावलेल्या तीस चिठ्ठ्या करून यजमानाच्या हातात ठेवा. कुणाला द्यायच्या ते त्यांनी ठरवावं. मामा रागावला तर तो चिठ्ठीवर रागावतो. जोडपं एका कागदावर घेतलं तर दोन चेहऱ्यांचा वेळ लागत नाही, पण दीडपट तर लागतोच, म्हणून जोडप्याला दीड चिठ्ठी धरा.

बुकिंग मुलीच्या वडिलांकडून फार कमी येतं. त्यांच्या डोक्यात त्या वेळी शंभर कामं असतात. ते येतं मंडप-डेकोरेशनवाल्याकडून, फोटोग्राफरकडून, कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडून. यांना छापील कार्ड देऊन फारसं होत नाही, त्यांचं स्वतःचं अर्कचित्र काढून द्या. ते ऑफिसात लागतं आणि येणारा प्रत्येक यजमान बघतो. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात नाव आणि नंबर लहान पण वाचता येईल असा असावा. एका समारंभातून तीसपर्यंत कागद तितक्याच घरांत जातात.

तुळशीच्या लग्नानंतर हंगाम उघडतो आणि मुहूर्ताच्या तारखा थोड्याच असतात, म्हणून एकाच तारखेला तीन फोन येतात. दिनदर्शिकेतल्या मुहूर्तांवर आधीच खुणा करून ठेवा. त्या तारखांना अर्धे पैसे आगाऊ आल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. उरलेले अर्धे चित्रं सुरू होण्याआधी घ्या. रात्री साडेदहाला यजमान बिदाईत असतो आणि पैशांचं पाकीट कुठल्या काकांकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं.