जोडधंद्याच्या भरवशावर नोकरी सोडण्याआधी

नाशिकमध्ये दिवसा सातपूरच्या कंपनीत डिझाइनची नोकरी आणि रात्री लहान कारखानदारांना जिग-फिक्स्चरची ड्रॉइंग करून देणं, असं करणारे बरेच आहेत. अशाच एकाचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

पगार हातात पडतो ४०,०००. पण नोकरी तेवढंच देत नाही. पीएफमध्ये त्याचे १,८०० आणि कंपनीचे १,८०० जमा होतात, ग्रॅच्युइटीपोटी महिन्याला हजारेक साठतात आणि कंपनीचा मेडिक्लेम गेला की घरच्यांसाठी तो महिना २,४०० ला विकत घ्यावा लागेल. म्हणजे बरोबरी करायची ती ४७,००० शी.

जोडधंद्याचे वर्षभरात बँकेत आले ७,२०,०००. बिलांची बेरीज इथे धरू नका, खात्यात जमा झालेलंच धरा. सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर, वीज यांचे १,२०,००० वजा केले की महिन्याला ५०,००० उरतात. जमलं, असं वाटतं. आता सगळ्यात मोठं गिऱ्हाईक वगळून बघा. त्यातले ३,००,००० अंबडच्या एकाच कारखान्याचे असतील, तर खर्च तेवढाच राहून हातात महिना २५,००० येतात. घरखर्च हप्त्यासकट ३२,००० आहे. तेव्हा आज राजीनामा देऊ नये. उरलेली गिऱ्हाइकंही गाड्यांचे सुटे भाग बनवणारीच असतील, तर मंदीत सगळी एकदमच थंडावतात, हेही बघा.

‘नोकरी सुटली की वेळ मिळेल, कमाई दुप्पट होईल’ हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. वेळ वाढला म्हणून ऑर्डरी वाढत नाहीत. वेळेअभावी किती कामं नाकारावी लागली, ते सहा महिने वहीत लिहा. ती पानं कोरी राहिली, तर अडचण वेळेची नाही, गिऱ्हाइकांची आहे.

राजीनाम्याआधी सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी गंगाजळी हाताशी हवी. सहाच महिन्यांची का? गिऱ्हाईक तुटलं की नवं मिळायला दोन-तीन महिने, काम उरकायला एक, आणि बिलाचे पैसे यायला आणखी दोन. म्हणून घरखर्चाचे १,९२,००० आणि धंद्याच्या तीन महिन्यांच्या खर्चाचे ३०,०००, मिळून २,२२,००० बचत खात्यात आणि मोडता येईल अशा एफडीत हवेत. पीएफ यात धरू नका. राजीनाम्याआधी तीन महिने पगाराला हात न लावता जोडधंद्यावर घर चालवून बघा. निभावलं, तर गंगाजळीतले १,२०,००० तिथेच उभे राहतात. मध्येच पगार काढावा लागला, तर तो कोणत्या आठवड्यात आणि कशासाठी काढला ते लिहून ठेवा. बहुधा कुणाचं तरी बिल अडकलेलं सापडेल.

मेडिक्लेम नोकरीत असतानाच घ्या. नव्या पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांना सहसा पहिले तीस दिवस संरक्षण नसतं आणि जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. घरासाठी कर्ज काढायचं असेल, तर तेही आधीच. नंतर बँक पगाराच्या स्लिपांऐवजी सहसा दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. आणि नेमणूकपत्र नीट वाचा. बाहेरचं काम करायला त्यात मनाई असेल आणि तुमचं गिऱ्हाईक कंपनीचाच व्हेंडर असेल, तर राजीनाम्याआधी वकिलाला दाखवा.