पगार एकतीस हजार, पेन्शन २,८८६

(दृश्य: रबाळे एमआयडीसी, सकाळची पाळी सुटण्याची वेळ. कारखान्याचं फाटक.)

समजा, या फाटकातून बाहेर पडणारा एक मशीन ऑपरेटर १ सप्टेंबर २००६ रोजी कामाला लागला आणि ३१ ऑगस्ट २०२४ रोजी वयाची ५८ वर्षं पूर्ण करून निवृत्त झाला. नोकरी बरोबर १८ वर्षांची. शेवटचा पगार ३१,००० रुपये. त्यातला बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २२,०००. भविष्य निर्वाह निधीच्या कर्मचारी पेन्शन योजनेतून, म्हणजे ईपीएस-९५ मधून, त्याला दरमहा किती मिळतील?

सूत्र एका ओळीचं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा, भागिले ७०. घोळ होतो तो या सूत्रात कोणता आकडा घालायचा, इथे.

(दृश्य: पगाराची स्लिप. कॅमेरा ‘बेसिक + डीए’च्या ओळीवर.)

पहिलं म्हणजे, घरभाडं, ओव्हरटाइम यांना इथे जागा नाही. धरतात तो बेसिक अधिक महागाई भत्ता. तोही शेवटच्या महिन्याचा नव्हे, तर शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. शिवाय सप्टेंबर २०१४ पासून या पगाराला १५,००० रुपयांची मर्यादा आहे. कारण मालकाच्या हिश्श्यातून पेन्शन खात्यात जातात ते याच रकमेवरचे ८.३३ टक्के, महिन्याला १,२५० रुपये. कामगाराचे स्वतःचे १२ टक्के पूर्णच्या पूर्ण पीएफमध्ये जातात, पेन्शनमध्ये त्यातला एक रुपयाही नाही. तेव्हा आपल्या ऑपरेटरचे २२,००० असले, तरी सूत्रात १५,०००च येणार.

मग १५,००० गुणिले १८, भागिले ७०. उत्तर येतं ३,८५७. बहुतेक जण कॅल्क्युलेटर इथेच खाली ठेवतात. आणि पेन्शन मंजूर झाल्यावर हातात येतात २,८८६.

(दृश्य: फळ्यावर एक उभी रेघ. रेघेवर ‘१ सप्टेंबर २०१४’.)

फरक या रेघेमुळे पडतो. त्या तारखेआधी पगाराची मर्यादा ६,५०० होती आणि पेन्शन खात्यात महिन्याला जास्तीत जास्त ५४१ रुपये जात होते. म्हणून सेवेचे दोन तुकडे करतात. आधीची ८ वर्षं ६,५०० च्या हिशेबाने: गुणाकार करून ७० ने भागलं की ७४३ रुपये. नंतरची १० वर्षं १५,००० च्या हिशेबाने: २,१४३ रुपये. बेरीज २,८८६.

थोडक्यात, जुन्या प्रत्येक वर्षाची किंमत महिन्याला सुमारे ९३ रुपये, नव्या वर्षाची २१४. हे दोन आकडे लक्षात ठेवले, तर बेसिक अधिक भत्ता १५,००० किंवा जास्त असलेल्या कामगाराचा अंदाज तोंडी काढता येतो. सेवा २० वर्षं किंवा अधिक असती आणि तो ५८ व्या वर्षीच निवृत्त झाला असता, तर २ वर्षं वाढवून धरली असती. १८ वर्षांना ती सवलत नाही.

आता बेसिकचं बघू. काही ठिकाणी एकूण पगार मोठा दाखवतात, पण बेसिक अधिक भत्ता १२,००० वरच ठेवतात आणि बाकीचे पैसे वेगवेगळ्या भत्त्यांत टाकतात. सरासरी १२,००० धरली, तर दुसरा तुकडा २,१४३ वरून १,७१४ वर येतो. महिन्याला ४२९ रुपये गेले, तेही आयुष्यभरासाठी. ही गोष्ट निवृत्तीच्या महिन्यात सुधारता येत नाही, कारण सरासरी मागच्या पाच वर्षांची असते.

(दृश्य: मोबाइलवर यूएएन पोर्टल. ‘Service History’चं पान.)

सेवेची वर्षंही न कळत गळतात. या पानावर `NCP Days` असा रकाना आहे. बिनपगारी दिवस इथे जमा होतात आणि सेवेतून वजा होतात. कंपनीने भरपगारी रजा चुकून इथे टाकली, तर तेवढी सेवा विनाकारण गेली. रकान्यात आकडा दिसला, की त्या महिन्यांच्या स्लिपशी ताडून बघायचा. स्लिपवर पगार पूर्ण असेल आणि इथे दिवस वजा असतील, तर कंपनीकडून दुरुस्ती करून घ्यायची, आणि तीही नोकरीत असतानाच. कंपनी बंद पडल्यावर रेकॉर्ड मिळवताना फार हाल होतात.

सगळ्यात मोठी गळती नोकरी बदलताना होते. याच ऑपरेटरने ५ वर्षांनी, २०११ मध्ये कंपनी बदलली आणि फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले, असं धरू. ती ५ वर्षं सेवेतून कायमची पुसली जातात. उरतात १३, आणि पेन्शन २,४२१. त्याऐवजी त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट मागितलं असतं, तर सेवा जिवंत राहून पुढच्या नोकरीत जोडली गेली असती. दोन-तीनदा असे पैसे काढलेल्या माणसाची उरलेली सेवा १० वर्षांच्या आत आली, तर मासिक पेन्शनचा हक्कच उरत नाही. साडेनऊ वर्षं मात्र चालतात, कारण सहा महिने किंवा त्याहून जास्त तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. सव्वानऊवर राजीनामा देणाऱ्याने म्हणूनच आणखी तीन महिने थांबावं.